रजेवरचा ऑटो-रिप्लाय लावला, तरी फोन थांबत नाहीत: दरवेळी नेमकं काय चुकतं

गणपतीला गावी जायचं, निघताना ऑटो-रिप्लाय लावायचा आणि तरीही ऐन आरतीत खिशातला फोन थरथरायचा. तीन-चार वर्षं माझं हेच चाललं होतं. दरवेळी वाटायचं की लोक मेल वाचतच नाहीत, सरळ फोन लावतात. २०२५ च्या गणपतीत झालेला घोटाळा मात्र मी परतल्यावर बसून मेलांवरून उलगडला, तेव्हा लक्षात आलं की लोक मेल वाचत होते. मी लिहिलेलं वाचूनच ते गोंधळत होते.

मी एका कारखान्याच्या खरेदी विभागात आहे. पॅकिंगचा माल माझ्याकडे असतो, म्हणजे खोकी, टेप, लेबलं. आमचं ऑफिस गुगलच्या मेलवर चालतं, म्हणून पुढच्या पायऱ्या जीमेलच्या आहेत. आउटलुकवाल्यांसाठी जिथे फरक पडतो तेवढं शेवटाकडे लिहिलंय.

आधी झालं काय ते सांगतो. चतुर्थी बुधवारी, २७ ऑगस्टला होती. मी सोमवारी २५ ला रात्रीच्या गाडीने निघालो. ऑफिस सोडताना घाईत हा मजकूर टाकला होता:

> नमस्कार, मी ३/९ पर्यंत रजेवर आहे. तातडीचं काम असल्यास माझ्या सहकाऱ्याशी संपर्क साधावा. गैरसोयीबद्दल क्षमस्व.

आणि खाली सहकाऱ्याचा मेल पत्ता. गुरुवारी २८ तारखेला खोकी पुरवणाऱ्या पार्टीने मेल टाकला की पीओमधला, म्हणजे आमच्या खरेदी ऑर्डरमधला, साइज आणि पाठवलेल्या नमुन्याचा साइज जुळत नाही, छपाई थांबवू की पुढे जाऊ? त्यांना माझा ऑटो-रिप्लाय गेला. त्यांनी शहाण्यासारखं सहकाऱ्याला मेल केला. सहकारी चिपळूणचा. तोही गणपतीला गावी गेलेला. त्याचा ऑटो-रिप्लाय गेला: मी रजेवर आहे, तातडीच्या कामासाठी यांच्याशी संपर्क साधा. ‘यांच्याशी’ म्हणजे माझ्याशी.

दोन माणसं एकमेकांकडे बोट दाखवून गावी गेलेली. पार्टीने दुपारी मला फोन लावला, मी आरतीत. मग त्यांनी नमुन्याप्रमाणे छपाई केली. चुकीचा नमुना होता, पीओ बरोबर होता.

इथे एक गंमत सांगण्यासारखी आहे. अशा दोन ऑटो-रिप्लायांचं आपापसात भांडण का जुंपत नाही? माझ्या रिप्लायला त्याचा रिप्लाय, त्याला परत माझा, असं रात्रभर का चालत नाही? कारण यंत्रांनी हा प्रश्न कधीच सोडवलाय. आपोआप गेलेल्या मेलच्या माथ्यावर न दिसणारी एक ओळ असते:

```
Auto-Submitted: auto-replied
```

ही ओळ दिसली की समोरच्या यंत्राने उलट रिप्लाय द्यायचा नाही, असा शिरस्ता आरएफसी ३८३४ या दस्तऐवजात २००४ सालीच लिहून ठेवलाय. यंत्रं गोल फिरत नाहीत. माणूस फिरतो, कारण त्याच्यासाठी अशी ओळ आपण लिहीत नाही.

माझ्या त्या तीन वाक्यांत चुका तीनच होत्या, पण प्रत्येक चूक वेगळ्या जागी नडली.

तारीख

‘३/९ पर्यंत’ वाचून काही जण ३ तारखेला सकाळी माझ्या टेबलाशी हजर होते. त्यांच्या मते ‘३ पर्यंत रजा’ म्हणजे ३ ला हा माणूस येणार. काहींनी ३ हा रजेचा शेवटचा दिवस धरला आणि ४ ला आले. दोघेही बरोबर. ‘पर्यंत’ या शब्दात शेवटचा दिवस धरायचा की सोडायचा, हे मराठीत कधीच ठरलेलं नसतं. शिवाय ३/९ हे अमेरिकेतला माणूस ९ मार्च असं वाचतो. बाहेरच्या देशातली एकही पार्टी असेल तर महिना अक्षरांतच लिहा.

यावर उपाय असा की रजा कधी संपते ते लिहूच नका. कामावर कधी येणार ते लिहा, वारासकट. ‘गुरुवार, ४ सप्टेंबर २०२५ रोजी सकाळी कामावर परत येईन.’ वार लिहिल्याने दोन फायदे होतात. वाचणाऱ्याला कॅलेंडर उघडावं लागत नाही, आणि तारीख टाइप करताना बोट चुकलं तर वार जुळत नाही म्हणून चूक आपल्यालाच दिसते.

आता यंत्राकडची तारीख. जीमेलमध्ये वर उजवीकडच्या चक्रावर क्लिक करून `See all settings`, मग `General` या टॅबमध्ये अगदी तळाशी `Vacation responder`. तिथे `First day` आणि `Last day` असे दोन रकाने आहेत. `Last day` म्हणजे रिप्लाय जाण्याचा शेवटचा दिवस, आणि तो दिवस रात्री ११:५९ पर्यंत धरला जातो. मी तिथे परतण्याची तारीख टाकायचो. परिणाम असा की मी खुर्चीत बसून लोकांना उत्तरं लिहितोय आणि माझ्या नावाने ‘मी रजेवर आहे’ असे मेलही जातायत. मजकुरात परतायचा दिवस आणि `Last day` मध्ये त्याच्या आदला दिवस, एवढं पक्कं करा. माझ्या बाबतीत मजकुरात ४ सप्टेंबर, रकान्यात ३ सप्टेंबर.

`Last day` च्या आधी एक चौकोन असतो. त्यात खूण केली नाही तर रिप्लाय कधीच थांबत नाही. दिवाळी आली तरी गणपतीचा निरोप चालू असलेली माणसं मी पाहिलीत.

सुरुवातीकडेही एक फट राहते. `First day` मध्यरात्री १२ वाजता चालू होतो. रजा मंगळवारी २६ पासून, म्हणून मी २६ टाकली. पण मी सोमवारी संध्याकाळी सहालाच निघालो होतो. सहा ते बारा या वेळात आलेल्या मेलना काहीच गेलं नाही. आता मी निघायच्या दिवसाचीच तारीख टाकतो आणि बॅग उचलायच्या आधी `Save Changes` दाबतो. पान खाली सरकवून ते बटण दाबायचं राहून गेलं तर लिहिलेलं सगळं वाया, हेही एकदा अनुभवून झालंय.

आणि मुंबई-गोवा रस्त्याचा अनुभव असणाऱ्यांसाठी: गौरी-गणपतीचं विसर्जन २ सप्टेंबरला होतं. मनात ३ ला ऑफिस धरलं होतं. पण विसर्जनानंतर परतणारा प्रत्येक जण त्याच रस्त्यावर असतो. निरोपात परतण्याची तारीख लिहिताना प्रवासाचा दिवस रजेतच धरा. सांगितलेल्या दिवसाच्या आदल्या दिवशी आलात तर कुणी तक्रार करत नाही.

चार्ज कुणाकडे

‘माझ्या सहकाऱ्याशी संपर्क साधावा’ हे वाक्य लिहिताना मी सहकाऱ्याला विचारलंच नव्हतं. त्यानेही मला विचारलं नव्हतं. दोघांनी सवयीने एकमेकांची नावं टाकली. ऑफिसात आपण म्हणतो ना, ‘रजेत चार्ज कुणाकडे?’ ऑटो-रिप्लायमध्ये त्या प्रश्नाचं उत्तर हवं, नुसतं नाव नको.

आता मी मजकूर लिहिण्यापूर्वी चार्ज घेणाऱ्याला तीन गोष्टी विचारतो. पहिली, या सगळ्या तारखांना तू ऑफिसात आहेस का? एकेक तारीख वाचून दाखवतो, कारण ‘हो हो, आहे मी’ म्हणणाऱ्याची मधली एक सुट्टी असतेच. दुसरी, माझी पार्टी काय विचारेल ते तुला दिसतं का? म्हणजे माझे पीओ, नमुन्यांचे फोटो, मंजुरीचे मेल त्याला उघडता येतात का, हे त्याच्याच कॉम्प्युटरवर उघडून बघतो. तिसरी आणि नेहमी राहणारी, ठरवायचा अधिकार तुला आहे का? छपाई थांबवा असं सांगायला आमच्याकडे साहेबांची मंजुरी लागत नाही, पण पीओतला साइज किंवा दर बदलायला लागते. चार्ज घेणाऱ्याला फक्त ‘थांबवा’ म्हणता येत असेल तरी पुष्कळ आहे, पण ते त्याला आधी माहीत हवं.

गणपतीची हीच रजा पुन्हा आली तर चार्ज देशमुख मॅडमकडे देईन. नाव बदललंय, पण बाई खऱ्या. त्यांचा गणपती दीड दिवसाचा आणि पुण्यातच, त्यामुळे शुक्रवारपासून त्या ऑफिसात. बुधवार-गुरुवारचं काय, तर त्या दोन दिवसांसाठी विभागाचा सामाईक पत्ता स्वतः बघायची साहेबांना विनंती करीन. म्हणून मजकुरात मॅडमचा वैयक्तिक पत्ता न देता सामाईक पत्ता देईन. माणूस एका दिवसासाठी बदलला तरी पत्ता बदलावा लागत नाही, आणि आजारपण कुणाला सांगून येत नाही.

एक बारीक गोष्ट. चार्ज घेणाऱ्याचा मोबाइल नंबर मी ऑटो-रिप्लायमध्ये टाकत नाही. हा मेल जो कुणी तुम्हाला मेल पाठवेल त्याला जातो, जाहिरातवाल्यांनाही. ऑफिसचा नंबर आणि एक्स्टेंशन पुरे. कुठे गेलोय हेही लिहीत नाही. खरेदी-पेमेंटच्या कामात ‘आमचं बँक खातं बदललंय’ असे खोटे मेल येतात, आणि नेहमीचा माणूस आठवडाभर जागेवर नाही हे कळणं अशा भामट्याच्या फायद्याचंच असतं. म्हणून मॅडमना तोंडी सांगून ठेवीन की माझ्या रजेत खातं बदलायची कुठलीही विनंती आली तर ती माझी वाट बघेल.

दुरुस्त केलेला मजकूर

हीच रजा पुन्हा आली तर मी काय लिहीन ते पूर्ण देतो. पत्ते अर्थातच नमुन्याचे आहेत.

> विषय: रजेवर आहे. गुरुवार, ४ सप्टेंबरला कामावर
>
> नमस्कार,
>
> मी रजेवर आहे. गुरुवार, ४ सप्टेंबर २०२५ रोजी सकाळी कामावर परत येईन. तोपर्यंत मला मेल पाहता येणार नाहीत.
>
> चालू ऑर्डर, नमुना किंवा माल पोहोचण्याबद्दल: देशमुख मॅडम, purchase@example.com, ऑफिस फोन, एक्स्टेंशन २१४, सकाळी १० ते संध्याकाळी ६. कृपया पीओ नंबर लिहावा.
>
> बिल आणि पेमेंटबद्दल: accounts@example.com
>
> बाकीच्या मेलना मी परतल्यावर उत्तर देईन. मंगळवार, ९ सप्टेंबरपर्यंत उत्तर मिळालं नाही तर कृपया आठवण करावी.

विषयातच तारीख टाकलीय, कारण बरेच जण मोबाइलवर मेल न उघडता फक्त विषय बघतात. ‘तातडीचं काम असल्यास’ काढून टाकलं. आपलं काम तातडीचं नाही असं मानणारी पार्टी मी अजून पाहिली नाही. त्याऐवजी कामाचा प्रकार लिहिला की ज्याचं त्याला कळतं. ९ सप्टेंबरची ओळ मला सगळ्यात उपयोगी पडेल असं वाटतं. ती नसली की ४ तारखेला सकाळी दहालाच ‘माझा मेल बघितला का’ सुरू होतं.

पीओ नंबर लिहायला सांगणं क्षुल्लक वाटेल. पण चार्ज घेणाऱ्याला तुमची पार्टी नावाने ओळखता येत नाही. ‘ते परवाचं खोकं’ म्हटल्यावर ती बिचारी काय शोधणार?

बाहेरच्या राज्यातल्या पार्ट्या असतील तर मराठीच्या खाली हेच चार ओळींत इंग्रजीत द्या. तारखा आणि पत्ते दोन्हीकडे तेच आहेत ना, हे एकदा ताडून बघा. मजकूर बदलताना एका भाषेतली तारीख हमखास मागची राहते.

रिप्लाय जातच नाही तेव्हा

आता खऱ्या तांत्रिक तक्रारी. ‘लावला होता पण गेलाच नाही’ असं कुणी म्हणालं की मी आधी विचारतो, त्या माणसाने मेल कुठल्या पत्त्यावर टाकला होता? विभागाच्या सामाईक पत्त्यावर, म्हणजे गटाच्या यादीवर टाकलेला मेल तुमच्या इनबॉक्सात येतो, पण जीमेल त्याला रजेचा रिप्लाय देत नाही. ते योग्यच आहे, नाहीतर गटातल्या पाच जणांचे पाच निरोप गेले असते. स्पॅममध्ये पडलेल्या मेललाही रिप्लाय जात नाही. म्हणून नव्या पार्टीचा पहिलाच मेल स्पॅममध्ये गेला तर तिला तुमच्या रजेचा पत्ताच नसतो.

दुसरं कारण म्हणजे `Only send a response to people in my Contacts` हा चौकोन. त्यात खूण असेल तर तुमच्या संपर्कयादीत नसलेल्यांना काही जात नाही. ऑफिसच्या खात्यात त्याखाली फक्त आपल्या संस्थेतल्यांना रिप्लाय द्यायचा चौकोनही असतो. पार्ट्यांशी काम असेल तर दोन्ही रिकामे ठेवा.

तिसरी गोष्ट बिघाड नाहीच, पण सगळ्यात जास्त डोकं खाते. तुम्ही स्वतःच्या घरच्या मेलवरून चाचणी घेता. रिप्लाय येतो. मजकुरात एक चूक दिसते, परत चाचणी घेता, या वेळी काहीच येत नाही. बिघडलं! बिघडलेलं नसतं. जीमेल एका माणसाला एकदाच रिप्लाय देतं, आणि त्याच माणसाने चार दिवसांनंतर पुन्हा मेल टाकला तरच दुसऱ्यांदा देतं. मात्र मजकूर बदलून सेव्ह केला की हा हिशोब नव्याने सुरू होतो. चूक सुधारून `Save Changes` दाबलं असेल तर दुसरी चाचणी चालते. खिडकीत बदललं पण सेव्ह केलं नाही, म्हणून दुसरा रिप्लाय आला नाही, असंच बहुतेक वेळा सापडतं.

याचा उपयोगही करून घेता येतो. गावाला असताना चार्ज बदलावा लागला, तर मोबाइलवरच्या जीमेलमध्ये सेटिंग्जमध्ये जाऊन खातं निवडलं की तिथेही `Vacation responder` मिळतो. मजकूर सुधारून सेव्ह केलात की आधी जुना निरोप मिळालेल्या पार्टीने पुन्हा मेल टाकल्यावर तिला नवा निरोप जातो. पण तिने पुन्हा मेल टाकला तरच. ज्यांनी जुना पत्ता घेऊन काम सुरू केलंय त्यांना तुम्हालाच कळवावं लागतं.

पुढच्या तारखेचा रिप्लाय आज तपासता येत नाही, हेही ध्यानात ठेवा. `First day` पुढे असेल तर चाचणीच्या मेलला काहीच येणार नाही. मी निघायच्या दिवशी लावतो त्याचं हेही एक कारण. चाचणी बाहेरच्या खात्यावरून घ्या आणि मेलमध्ये दोन वाक्यं लिहा. नुसता ‘टेस्ट’ असा रिकामा मेल स्पॅममध्ये गेला तर पुन्हा तुम्ही चुकीच्या जागी शोधत बसाल.

गुगल कॅलेंडरमध्ये `Out of office` लावलं म्हणजे झालं, असं समजणारेही भेटतात. त्याने मीटिंगची बोलावणी नाकारली जातात. मेलला उत्तर जायला `Vacation responder` वेगळा लावावाच लागतो.

आउटलुक असेल तर

आउटलुकमध्ये `Automatic Replies` म्हणून शोधा. जुन्या आउटलुकमध्ये ते `File` खाली असतं, नव्यात आणि ब्राउझरमधल्यात सेटिंग्जमध्ये `Accounts` खाली. इथे दोन मजकूर लिहिता येतात, एक ऑफिसातल्यांसाठी, एक बाहेरच्यांसाठी. फसगत इथेच होते. बाहेरच्यांचा पर्याय बंद राहतो, शेजारच्या टेबलावरून घेतलेली चाचणी पास होते, आणि पार्टीला काहीच जात नाही. तो पर्याय चालू असूनही बाहेर जात नसेल, तर कंपनीच्या आयटीवाल्यांनी बाहेर जाणारे ऑटो-रिप्लाय सर्व्हरवरच बंद केलेले असू शकतात. त्यांना तेवढंच विचारा.

इथे तारखेबरोबर वेळही टाकता येते. त्यामुळे जीमेलचा आदल्या दिवसाचा हिशोब इथे लागत नाही. सोमवार संध्याकाळी ६ पासून गुरुवार सकाळी ९ पर्यंत, असं सरळ टाका. आणि `File` खाली `Automatic Replies` दिसतच नसेल तर तुमचं खातं बहुधा आयमॅप किंवा पॉप पद्धतीचं आहे. तिथे आउटलुकचा नियम लावून काम भागवतात, पण त्यासाठी कॉम्प्युटर आणि आउटलुक रजाभर चालू राहावं लागतं. वीज गेली की निरोप बंद. त्यापेक्षा मेल सेवा देणाऱ्याच्या वेबमेलमध्ये जाऊन तिथेच ऑटो-रिप्लाय लावा.

परतल्यावर पहिल्यांदा इनबॉक्स उघडलात की वर रजेची पट्टी दिसतेय का ते बघा. दिसली तर `Last day` चुकलाय, तिथेच `End now` दाबा. मग मेल चाळण्याआधी चार्ज घेतलेल्या माणसाकडे जा आणि काय काय कबूल केलंय ते विचारून घ्या, म्हणजे एकाच पार्टीला दोन उत्तरं जात नाहीत. त्या गणपतीनंतरच्या एका रजेत चार्ज मॅडमकडे होता; परतल्यावर मी त्यांच्याकडे गेलो तेव्हा त्यांनी कागदावर लिहिलेल्या सात ओळी पुढे सरकवल्या आणि म्हणाल्या, “हे घ्या तुमचं. आणि दिवाळीत मी आठ दिवस नाहीये, तारखा आत्ताच लिहून घ्या.”